शेळीचं जाळीपोट, पडदेपोट आणि मधला दरवाजा: प्रकल्प नोंदी (नाशिक)

२९ नोव्हेंबर, तयारी

भाची व्हेटरनरीच्या पहिल्या वर्षाला आहे, सुट्टीत नाशिकला आलीय, सोबत तिच्या बॅचचे दोघंजण पण आहेत. मी इथे नाशिकरोडला प्रॅक्टिस करते. त्यांचा प्रश्न एकच होता आणि चांगला होता. रवंथ करणाऱ्या जनावरात जाळीपोटातून पुढे पडदेपोटात फक्त बारीक झालेला चाराच जातो असं शिकवतात, मग मधल्या भोकाला चाळणी असते का? आकृतीत तर नुसतं भोक काढलेलं असतं. म्हटलं तोंडी सांगण्यात अर्थ नाही, एक पोट आणून उघडून, गाळून, मोजून बघू. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी या नोंदी ठेवतेय.

नावं आधी नक्की करून घेतली म्हणजे पुढे गोंधळ नको. कोटीपोट म्हणजे रुमेन, जाळीपोट म्हणजे रेटिक्युलम, पडदेपोट म्हणजे ओमेसम, आणि चौथं म्हणजे अबोमेसम, ज्यात आपल्यासारखं आम्ल आणि पेप्सिन असतं. पहिल्या तिघांना पाचक ग्रंथीच नाहीत, तिथलं काम जंतू करतात.

शेळी घेतली कारण म्हशीचं पोट घरच्या अंगणात हाताळणं शक्य नाही, वजनच झेपत नाही. सामान: जाड ग्लोव्हज, कात्री, सुतळी, दोन घमेली, पीएच पट्ट्या (१२० रुपये), खिशातला डिजिटल वजनकाटा जो ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतो (३५० रुपये), जुना थर्मास. चाळणीचा प्रश्न मोठा होता. मेंढीवर झालेल्या अभ्यासांत १.१८ मिलिमीटरची चाळणी वापरतात, तिच्यावर अडकणारा कण कोटीपोटातून सहसा बाहेर पडत नाही असं दिसलेलं आहे. ही चाळणी कुठे मिळणार म्हणून दोन दिवस शोधत होते आणि मग कळलं की बांधकामाची वाळू तपासायच्या संचात नेमकी हीच असते. ओळखीच्या एका सिव्हिलवाल्याकडून १.१८ मिमी आणि ३०० मायक्रॉन अशा दोन उसन्या आणल्या. विकत घेऊ नका, आधी बांधकामवाल्यांना विचारा.

१ डिसेंबर, पहिलं पोट

खाटिकाला नेहमी वजडी साफ करून विकायची सवय, न धुता अख्खं पोट कुणी मागत नाही, त्यामुळे त्याला समजावण्यात वेळ गेला. शेवटी अन्ननलिकेचा तुकडा आणि आतड्याची सुरुवात ठेवून पोट मिळालं, २०० रुपयांना. घमेल्यात टाकून स्कूटरवर घरी आणलं. हे स्कूटरवर आणणं महागात पडलं, ते पुढे येतंच.

आधी पोट नीट मांडायचं. बाहेर काढलेल्या पोटाची डावी-उजवी बाजूच कळत नाही आणि मग सगळं उलटं वाचलं जातं. सोपी खूण म्हणजे प्लीहा, खाटीक तिला तिल्ली म्हणतात. ती कोटीपोटाच्या डाव्या बाजूला, वर आणि पुढच्या अंगाला चिकटलेली असते. ती सापडली की डावी बाजू सापडली. मागची बाजू ओळखायला दोन आंधळ्या पिशव्या बघायच्या, शेळीत खालची पिशवी वरच्यापेक्षा जास्त मागे गेलेली असते. मग चरबीची जाळी हळूहळू सोलून काढली की कोटीपोटावरच्या लांब खाचा दिसतात. या खाचांच्या आतल्या बाजूला जाड स्नायूंचे खांब असतात, उघडल्यावर ते फिकट आणि गुळगुळीत दिसतात, त्यांच्यावर बाकीच्या भिंतीसारखे केसाळ पॅपिली नसतात. आकुंचन करून आतला चारा ढवळायचं काम हे खांब करतात.

कोटीपोट उघडलं तर आत मक्याच्या कडब्याचे तुकडे, सुबाभळीचे देठ, हिरवट पाणी सगळं एकमेकांत मिसळलेलं. जनावर जिवंत असताना आत थर असतात, वर गॅस, त्याखाली तरंगणाऱ्या जाड चाऱ्याची गादी, तळाला पातळ भाग. प्रवासात ते सगळं ढवळलं गेलं होतं.

जाळीपोट लगेच पुढे, कोटीपोटाच्या तोंडालाच. मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं. शेळीत या घरांच्या भिंती बुटक्या आणि काठाला दातेरी असतात, बोट फिरवलं की खरखरीत लागतं. उजव्या भिंतीवर खाली जाणाऱ्या दोन ओठांमधली खाच दिसते, ती जिथे संपते तिथे पडदेपोटाचा दरवाजा. भाचीने तर्जनी घातली, सहज आत गेली. आत जाळी नाही, पडदा नाही, गाळणारं काहीच नाही.

मग पडदेपोट उघडलं आणि सगळे गप्प झाले. आत मक्याच्या कडब्याचे चक्क दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे होते. भाची म्हणाली, "मावशी, मग बारीकच जातं हे खोटं का?"

तुकडे कुठे आहेत ते नीट बघा म्हटलं. पडदेपोटाच्या तळाशी एक छोटा मोकळा मार्ग असतो, दरवाज्यापासून सरळ अबोमेसमकडे जाणारा. जाड तुकडे फक्त त्या मार्गात होते. वरून लोंबणाऱ्या पानांच्या मधल्या फटी एकेक करून उघडल्या तर तिथे दाबून बसलेला बारीक, जवळजवळ कोरडा चोथा, एकही जाड तुकडा नाही. म्हणजे जिवंतपणी आलेला माल पानांमध्ये बसलाय आणि जाड तुकडे नंतर घुसलेत. मेल्यावर स्नायू सैल पडतात, दरवाजा उघडाच राहतो, आणि पोट काढताना, घमेल्यात दाबताना, रस्त्याच्या खड्ड्यांत हादरे बसताना कोटीपोटातला माल ढकलला जाऊन पुढे गेला.

मोजण्यासाठी हे पोट वाया गेलं. पण प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच मिळालं. दोन सेंटिमीटरचा तुकडा त्या दरवाज्यातून आरामात जातो. जिवंत शेळीत तो जात नाही याचं कारण दरवाज्याचा आकार नाही, दुसरं काहीतरी आहे.

४ डिसेंबर, गाठी मारून आणलेलं पोट

यावेळी मी स्वतः पहाटे दुकानावर गेले. सिन्नरकडचा बोकड होता. खाटिकाला सांगितलं की पोट ओढून बाहेर काढायच्या आधी, आतच असताना मला गाठी मारू दे. तो म्हणाला, "मॅडम, पटकन करा, गिऱ्हाईक उभं आहे." केल्या.

गाठी कुठे मारायच्या ते नीट लिहिते कारण सगळा खेळ यावरच आहे. पहिली अन्ननलिकेवर, नाहीतर उचलताना सगळं तोंडाकडून बाहेर येतं. दुसरी जाळीपोट आणि पडदेपोट यांच्यामधल्या अरुंद मानेवर. ही मान डोळ्यांनी पटकन दिसत नाही, चरबी असते, पण जाळीपोटाच्या उजवीकडे हात घातला की एक घट्ट गोळा लागतो, तो पडदेपोट. शेळीत हे चौघांत सगळ्यात लहान असतं, गाईत मात्र ते जाळीपोटापेक्षा मोठं असतं, त्यामुळे गाईची आकृती डोक्यात ठेवून शोधलं तर सापडतच नाही. गोळ्याच्या अलीकडे सुतळी फिरवून दोन आवळ गाठी मारायच्या. तिसरी गाठ गोळ्याच्या पलीकडे, अबोमेसमच्या आधी. चौथी पायलोरसच्या पुढे आतड्यावर.

घरी येईपर्यंत हलवाहलव कमी, घमेल्यात खाली ओलं पोतं. उघडल्यावर पडदेपोटाच्या तळमार्गात थोडं पातळ पाणी आणि बारीक भुसा, जाड काही नाही. पानांमध्ये तसाच दाबलेला चोथा. पाणी आणि फॅटी ॲसिड्स इथे शोषली जातात म्हणून तो इतका कोरडा लागतो.

कोटीपोटाच्या पाण्याचा पीएच पट्टीवर ७.२ च्या आसपास आला. मुलांनी ६ ते ७ वाचलं होतं म्हणून गडबडली. खाटिकाने बोकड आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवला होता, कापायच्या आधी ठेवतातच. चारा नाही तर जंतू ॲसिड कमी बनवतात, लाळेतलं बायकार्बोनेट मात्र येतच राहतं, पीएच वर चढतो. हा आजार नाही. उपाशी जनावराचा पीएच लिहिताना बाजूला 'उपाशी' असं लिहायलाच हवं, नाहीतर नंतर वाचणारा फसतो.

५ डिसेंबर, गाळणं आणि मोजणं

तीन नमुने घेतले. कोटीपोटातला मधला भाग २०० ग्रॅम, पडदेपोटातलं होतं नव्हतं ते सगळं, आणि गुदाशयातल्या लेंड्या ३० ग्रॅम. लेंड्या आदल्या रात्रीपासून पाण्यात भिजवल्या होत्या आणि बोटांनी हलके सोडवल्या, चुरडल्या नाहीत.

पहिल्यांदा मुलांनी नमुना आधी वाळवून मग चाळायला घेतला. जमलंच नाही, वाळल्यावर बारीक कण एकमेकांना चिकटून ढेकळं झाली आणि सगळी वरच्या चाळणीवर अडकली. मग ओलंच चाळलं. तिथेही नळ जोरात सोडला तर पाण्याचा मारा मऊ झालेले तुकडे फोडतो आणि आकडा खोटा येतो. शेवटी जे जमलं ते असं: दोन्ही चाळण्या एकावर एक, १.१८ वर, ३०० मायक्रॉन खाली, टबात पाणी, चाळण्या पाण्यात अर्ध्या बुडवून हलक्या हाताने वर-खाली करायच्या, पाणी दोन-तीनदा बदलायचं, खालून येणारं पाणी जवळजवळ स्वच्छ झालं की थांबायचं. मग दोन्हींवरचा माल वेगवेगळ्या स्टीलच्या ताटांत उन्हात. डिसेंबरचं नाशिकचं ऊन कोवळं, एका दिवसात वाळत नाही, वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवावं लागलं. म्हणून खालचे आकडे या तारखेखाली असले तरी ८ तारखेला भरलेत.

कोटीपोट: वरच्या चाळणीवर ११.६ ग्रॅम, खालच्या चाळणीवर ९.१ ग्रॅम. म्हणजे अडकलेल्या मालापैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्के, जाड.

पडदेपोट: वर ०.२ ग्रॅम, खाली ३.१ ग्रॅम. जाड फक्त ६ टक्के.

लेंड्या: वर ०.४ ग्रॅम, खाली ८.२ ग्रॅम. जाड ५ टक्क्यांच्या आत.

हे एकाच बोकडाचे आकडे आहेत आणि ३०० मायक्रॉनमधून निसटलेला गाळ यात धरलेला नाही, त्यामुळे टक्के फक्त अडकलेल्या मालाचे समजा. तरी चित्र स्पष्ट आहे. पडदेपोट आणि लेंडी जवळजवळ सारखी, कोटीपोट एकदम वेगळं. म्हणजे चाऱ्याची छाटणी पडदेपोटाच्या आधीच झाली, पुढे आतड्यात फार काही बारीक होत नाही. लेंडी धुवून चाळली तर जाळीपोटाच्या दरवाज्यातून काय सुटतंय ते कळतं, त्यासाठी जनावर मारायला लागत नाही. प्रॅक्टिसमध्ये शेणात लांब न चावलेले तुकडे किंवा अख्खे दाणे दिसले की आम्ही हेच वाचत असतो.

एक गोष्ट बघताना लक्षात ठेवा. पडदेपोटातल्या मालात काही तंतू चांगले सेंटिमीटरभर लांब होते पण केसासारखे बारीक. ते उभे होऊन चाळणीतून जातात. चाळणी जाडी मोजते, लांबी नाही.

८ डिसेंबर, बरणीतली तपासणी, फसलेली

आता दुसरं अर्धं. दरवाजा अडवत नाही तर जाड तुकडा मागे राहतो कसा? माझं म्हणणं होतं की तो तरंगतो म्हणून दरवाज्यापाशी पोचतच नाही. दाखवायला कोटीपोटाचं पाणी उंच काचेच्या बरणीत ठेवायचं, जंतू जिवंत असतील तर बारीक गाळ खाली बसतो आणि जाड चोथा आंबताना सुटणाऱ्या गॅसच्या बुडबुड्यांबरोबर वर चढतो. दवाखान्यात हीच तपासणी जंतू किती कामाचे आहेत ते बघायला करतात, तंदुरुस्त जनावरात साधारण ४ ते ८ मिनिटांत चोथा वर येतो.

काहीच झालं नाही. अर्धा तास बरणी बघत बसलो, सगळं तळाशी. दोन कारणं होती. नमुना बाटलीतून उघड्या गाडीवर आणला, सकाळी थंडी इतकी की बाटली हाताला गार लागत होती, आणि हे जंतू ३९ अंशांच्या आसपास राहणारे आहेत. दुसरं, बोकड उपाशी, आंबवायला साखरच शिल्लक नाही. शिवाय बाटली अर्धी भरलेली होती, वरची हवा या जंतूंना चालत नाही.

११ डिसेंबर, बरणी पुन्हा

खाटिकाशी आधीच बोलून ठेवलं होतं, त्याने एका बोकडाला पहाटे सुबाभळीचा पाला टाकला होता. थर्मास घरून निघताना उकळत्या पाण्याने भरून नेला, दुकानावर ते पाणी ओतून दिलं आणि लगेच कोटीपोटाच्या खालच्या भागातलं पाणी फडक्यातून न गाळता, चोथ्यासकट, काठोकाठ भरलं. हवा राहू दिली नाही. घरी टबात ४० अंशांचं पाणी, त्यात बरणी उभी.

यावेळी पीएच ६.४. वास आंबूस, रंग हिरवा-तपकिरी. बरणीत दोनेक मिनिटांत तळाला बारीक राखाडी गाळ बसायला लागला आणि मग चोथ्याच्या तुकड्यांना छोटे बुडबुडे चिकटताना दिसले. टॉर्च मागून मारला की छान दिसतं. तुकडा तळातून सुटतो, हलतो, बुडबुडा फुटला की परत थोडा खाली, परत वर. सहाव्या मिनिटाला वर बोटभर जाडीची गादी जमली होती आणि खाली गाळ, मधे पाणी. कोटीपोटात जिवंतपणी जो थर असतो तो बरणीत उभा राहिला.

मग त्या गादीतलेच मक्याच्या ताटाचे दोन तुकडे उचलले. एक तसाच परत टाकला, तरंगला. दुसरा पाण्याखाली धरून चिमटीत दाबला, आतून बुडबुडे निघाले, सोडला तर बुडाला. थोड्या वेळाने तो पण हळूहळू वर यायला लागला, कारण जंतू आत बसलेले आहेत आणि ते परत गॅस करतात. तिसरा तुकडा पाच मिनिटं उकळून गार करून टाकला, तो बुडाला तो बुडालाच. जंतू मेले, आतली हवा गेली, जागा पाण्याने भरली. भाचीच्या मित्राने लगेच विचारलं की मग तुकडा मोठा असूनही बुडाला तर तो पुढे जाईल का. आकार आणि वजन दोन्ही बघायला लागतं ते याच प्रश्नाने सगळ्यांना कळलं, उत्तर पुढच्या नोंदीत.

१४ डिसेंबर, उघड्या पोटावर हालचाल समजून घेणं

४ तारखेच्या पोटाचा पुढचा भाग फ्रीजमध्ये होता, तो टेबलावर ठेवून मक्याच्या एका तुकड्याचा प्रवास बोटाने दाखवला. हा भाग लिहून समजायला अवघड आहे, समोर पोट ठेवूनच वाचा.

शेळीने तुकडा गिळला, तो जेमतेम चावलेला, आत हवा भरलेली. तो वरच्या गादीत जाऊन बसतो. साधारण मिनिटाला एकदा जाळीपोट आकुंचन पावतं, लागोपाठ दोनदा. पहिल्या आकुंचनात आत आलेला तरंगता जाड माल जाळीपोट आणि कोटीपोट यांच्यामधल्या घडीवरून परत मागे कोटीपोटात फेकला जातो. दुसरं आकुंचन जास्त जोराचं, आणि त्याच सुमाराला पडदेपोटाचा दरवाजा सैल पडतो. त्या क्षणी दरवाज्यापाशी जे असेल तेच पुढे जातं, आणि तिथे त्या वेळी पाणी आणि बुडालेले बारीक कण असतात. जाड तुकडा मागे गादीत असतो. दरवाजा कुणाला अडवत नाही, जाड तुकडा वेळेवर तिथे नसतो.

मग त्या तुकड्याचं काय? रवंथ. शेळी बसली की जाळीपोटाचं एक जादा आकुंचन होतं, नेहमीच्या दोघांच्या आधी, त्यात थोडा माल अन्ननलिकेकडे ढकलला जातो आणि तोंडात येतो. तिथे तो सावकाश चावला जातो, लाळ मिसळते, परत गिळला जातो. दातांनी तुकडा फाटतो, आतल्या पोकळ्या उघड्या पडतात, हवा जाते, जंतूंना नवीन बाजू मिळते. असं होत होत साधारण एक-दोन दिवसांत तो इतका लहान आणि पाण्याने भरलेला होतो की पाण्यापेक्षा थोडा जड होऊन खाली बसतो, आकुंचनांनी पुढे जाळीपोटात येतो आणि दरवाज्यापाशी सापडतो.

त्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर इथे. बुडालेला पण मोठा तुकडा जाळीपोटाच्या घरांत तळाशी अडकतो, कारण दरवाजा तळाला नाही, थोडा वर भिंतीवर आहे. हे दाखवायला जाळीपोट त्याच्या नैसर्गिक उभ्या स्थितीत धरून त्यात बांधणीच्या तारेचा तुकडा टाकला आणि पाणी ओतून हलवलं. तार दरवाज्याच्या खालीच राहिली, घरांच्या भिंतींत टोक अडकलं. गाईंमध्ये खिळा-तार जाळीपोटातच का सापडते ते यातून कळतं, आणि जाळीपोटाच्या पुढे डायफ्रॅम आणि त्यापलीकडे लगेच हृदय, म्हणून प्रत्येक आकुंचनात ती तार पुढे टोचत जाते. शेळ्यांमध्ये हे फार कमी दिसतं कारण शेळी ओठांनी निवडून खाते, गाय जिभेने ओढून घेते. प्लास्टिकची पिशवी याच्या बरोबर उलट, ती फुटतही नाही, बुडतही नाही, म्हणून कोटीपोटात वर्षानुवर्षं गोळा होत राहते.

अजून एक जण विचारून गेला की मग चारा आधीच पिठासारखा दळून दिला तर शेळीचं काम वाचेल ना. वाचेल, पण पीठ लगेच बुडतं आणि जंतूंनी तंतू पचवायच्या आत दरवाज्यातून निघून जातं. शिवाय रवंथ कमी म्हणजे लाळ कमी, लाळ कमी म्हणजे बायकार्बोनेट कमी, आणि त्यात दाणा जास्त असेल तर पीएच घसरतो. निफाड-दिंडोरीकडे नुसती भरड आणि पेंड खाऊन पोट धरलेल्या शेळ्या बघते तेव्हा मालकाला मी पहिलं हेच विचारते की लांब चारा किती टाकता.

१९ डिसेंबर, नमुना जपून ठेवणं

जाळीपोट, दरवाजा आणि पडदेपोट एवढाच भाग पुढच्या मुलांसाठी टिकवायचा ठरवलं. फॉर्मॅलिन १ लिटर १८० रुपये, एक भाग फॉर्मॅलिन नऊ भाग पाणी. गच्चीवर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून, ग्लोव्हज आणि चष्मा घालून. स्वयंपाकघरात किंवा बंद खोलीत अजिबात नको, डोळ्यांतून पाणी येतं, आणि भांडी, बादली परत घरात वापरायची नाही.

पहिला नमुना बिघडला. आकार यावा म्हणून जाळीपोटात कापूस गच्च भरला होता, बाहेरून सुंदर दिसलं पण आतली घरं ताणली जाऊन सपाट झाली, भिंती दिसेनात. आणि कोटीपोटाचा जो तुकडा सोबत ठेवला होता त्याचं आतलं अस्तर पापुद्र्यासारखं सुटून आलं. याला काही रोग नसतो, मेल्यावर काही तासांतच ते अस्तर सुटायला लागतं, गरम दिवसात अजून लवकर. पोस्टमॉर्टेममध्ये नुसतं अस्तर सुटलंय म्हणून कोटीपोटाची सूज असं लिहू नका, खालची भिंत लाल किंवा जखमी आहे का ते बघा.

२७ डिसेंबर, दुसरा नमुना आणि खर्च

यावेळी ताजं पोट, दुकानावरच गाठी, घरी आल्या आल्या थंड पाण्याने हलक्या हाताने धुवून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये. कापूस अगदी सैल, फक्त भिंती एकमेकांना चिकटू नयेत एवढा. पडदेपोटाच्या पानांमध्ये कागदाच्या पातळ पट्ट्या सरकवल्या नाहीतर पानं एकत्र आखडून ठोकळा होतो. आठवडाभराने काढून वाहत्या पाण्याखाली धुतलं, मग जाळीपोटाच्या डाव्या भिंतीत एक चौकोनी खिडकी कापली. त्यातून आत बघितलं की समोर उजव्या भिंतीवरची खाच, तिचे दोन ओठ आणि खाली दरवाजा एका नजरेत दिसतात. पिल्लू दूध पितं तेव्हा हेच ओठ जुळून नळी होते आणि दूध कोटीपोटाला वगळून सरळ पुढे जातं, ते दाखवायला ओठांमधून एक जाड काळा दोरा ओवून पडदेपोटातून बाहेर काढून ठेवला. दरवाज्यातून दुसरा एक पांढरा दोरा, जाळीपोटाच्या तळापासून वर जाणारा, म्हणजे तळ आणि दरवाजा यांच्यातली उंची लक्षात येते.

खर्च चाळण्या सोडून साधारण १,९०० रुपये, त्यात पोटांचा वाटा सगळ्यात जास्त. वेळ सर्वांत जास्त वाळवण्यात आणि खाटिकाच्या वेळा जुळवण्यात गेला. परत करायचं असेल तर गाठींचं पोट आणि थर्मासचं पाणी एकाच, चारा खाल्लेल्या जनावराचं घ्या, म्हणजे गाळणं आणि बरणी एकाच सकाळी होतात आणि आकडे एकमेकांशी लावून बघता येतात. म्हशीच्या शेणावर हे करायचं असेल तर संचातली २.३६ मिमीची चाळणी पण वर लावा, कारण मोठ्या जनावरात शेळीपेक्षा जाड कण पुढे जातात आणि नुसती १.१८ वापरली तर रवंथ नीट होत नाही असा चुकीचा अर्थ निघेल.